रागातला वादी स्वर खरंच सर्वांत जास्त वापरला जातो का? देवगिरीतला 800 वर्षांपूर्वीचा दावा आज कसा तपासतात?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तेराव्या शतकात इथं यादवांची राजधानी देवगिरी होती. राजा सिंघण याच्या दरबारात (1210 ते 1247) हिशेबखातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. शहरातल्या महागामी गुरुकुलाचा शार्ङ्गदेव समारोह त्याच्याच नावानं होतो.

या ग्रंथात वादी स्वराची एक साधी व्याख्या आहे. प्रयोगात, म्हणजे प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्यात, जो स्वर भरपूर येतो तो वादी. गाण्याच्या क्लासमध्ये आजही मुलं 'भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत' असं पाठ करतात.

हिशेबनिसानं केलेली ही व्याख्या मोजता येण्यासारखी आहे. 'भरपूर येतो' म्हणजे किती? आणि तो खरंच तसा येतो का? शेकडो लिखित रचना एकत्र करून अशा दाव्यांची परीक्षा घेण्याच्या पद्धतीला कॉर्पस अभ्यास म्हणतात. पण यात आकडे गोळा करणं सोपं असतं, त्यांचा अर्थ लावताना मात्र फसगत होऊ शकते.

मोजायचं कशात?

हिंदुस्तानी संगीतातला सर्वांत परिचित लिखित साठा म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांची 'क्रमिक पुस्तक मालिका'. तिच्या सहा भागांत दीड हजाराहून जास्त रचना स्वरलिपीत छापलेल्या आहेत. व्यवसायानं वकील असलेल्या भातखंड्यांनी या रचना ठिकठिकाणच्या उस्तादांकडून आणि संग्रहांतून मिळवल्या होत्या.

या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकाचा बिंदू स्वराखाली असतो, तार सप्तकाचा वर. स्वर लांबवायचा असेल तर पुढच्या मात्रेत आडवी रेघ येते. हे सगळं संगणकाला वाचता येईल अशा मजकुरात उतरवावं लागतं. जुन्या छपाईतले बिंदू आणि रेघा स्कॅनमध्ये सहज हरवतात, त्यामुळे ही पायरी किचकट आहे.

चुका पकडायला दोन सोप्या युक्त्या आहेत. तीनतालातली ओळ असेल तर तिच्या मात्रा 16 भरल्या पाहिजेत. 15 किंवा 17 भरल्या तर काहीतरी सुटलंय किंवा जास्तीचं आलंय. दुसरी युक्ती रागाची. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. उतरवलेल्या भूपात 'म' दिसला, तर आधी मूळ पान उघडून बघायचं.

एका ओळीवर करून पाहू

समजण्यासाठी भूपाची एक बनवलेली ओळ घेऊ. ही कोणत्याही बंदिशीतली नाही.

सा रे ग – | ग – रे ग | प ध प ग | रे ग रे सा

मात्रा 16 आहेत, म्हणजे ओळ बरोबर आहे. आता गंधार किती वेळा उच्चारला गेला? पाच वेळा. रिषभ चार वेळा. फरक अगदी थोडा वाटतो. पण लांबवलेल्या मात्रा धरल्या तर गंधाराला सात मात्रा मिळतात आणि रिषभाला चारच. एकाच ओळीवर दोन वेगळी चित्रं दिसतात.

गायकाच्या दृष्टीनं दुसरी पद्धत जास्त पटणारी आहे, कारण वादीचं महत्त्व त्यावर थांबण्यातही असतं. मुद्दा असा, की कोणती पद्धत वापरायची हे मोजणी सुरू करण्याआधी ठरवायला हवं. षड्ज धरायचा की वगळायचा, फक्त स्थायी मोजायची की अंतराही, हेही आधीच ठरवायला हवं. या तीन प्रश्नांना प्रत्येकी दोन उत्तरं असली तरी मोजणीच्या आठ पद्धती होतात. आठही करून पाहायच्या आणि मनासारखं उत्तर देणारी तेवढी सांगायची, असं केलं तर जवळजवळ कोणताही दावा 'सिद्ध' करता येईल.

गंधार जास्त आला, म्हणजे दावा सिद्ध झाला का?

अजून नाही. समजा भूपाच्या बंदिशींत गंधार धैवतापेक्षा जास्त आला. पण गंधार-धैवत असलेल्या कुठल्याही रागात तो तसाच येत असेल तर? मग तो भूपाचा किंवा वादीचा गुण म्हणता येणार नाही. त्यासाठी तुलनेला दुसरा राग लागतो.

भूपाच्या बाबतीत असा राग आयताच हाताशी आहे: देसकार. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर, तेही सगळे शुद्ध, दोन्ही रागांत आहेत. मात्र भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि त्याचा वादी गंधार. देसकार सकाळचा आणि त्याचा वादी धैवत. स्वर तेच आणि वादी वेगळा, त्यामुळे शार्ङ्गदेवाच्या व्याख्येची खरी कसोटी इथं लागते.

प्रत्येक बंदिशीसाठी एकच आकडा काढायचा: गंधाराच्या मात्रा भागिले गंधार आणि धैवत यांच्या एकूण मात्रा. वरच्या ओळीत हा आकडा 8 पैकी 7 येतो.

समजा दोन्ही रागांच्या पाच-पाच बंदिशी घेतल्या आणि भूपाचे पाचही आकडे देसकारच्या पाचही आकड्यांपेक्षा मोठे निघाले. हा योगायोग असू शकेल का? हे पाहायला बंदिशींवरची रागांची लेबलं काढून टाकायची आणि पुन्हा मनमानी चिकटवायची. दहा बंदिशींतून पाचांना 'भूप' म्हणण्याचे 252 प्रकार आहेत. त्यांपैकी फक्त एकाच प्रकारात सर्वांत मोठे पाचही आकडे भूपाच्या वाट्याला येतात. म्हणजे लेबलांचा मोजणीशी काही संबंध नसता, तर असा निकाल लागण्याची शक्यता 252 मध्ये 1, जेमतेम 0.4 टक्के.

या पद्धतीला लेबलं पिसण्याची चाचणी म्हणता येईल. तिला अवघड सूत्र लागत नाही, संगणक पत्ते पिसल्यासारखी लेबलं हजारो वेळा पिसतो.

सर्वांत जास्त फसगत कुठं होते?

पाच बंदिशींत मिळून पाचशे स्वर असतील, तर 'आम्ही पाचशे नोंदी तपासल्या' असं म्हणायचा मोह होतो. पण हे स्वर एकमेकांपासून सुटे नसतात. गंधारानंतर रिषभ येतो तो रागाच्या चलनामुळे. मुखडा पुन्हा पुन्हा येतो. एकाच रचनाकाराच्या सवयी सगळ्या ओळीत उतरतात. त्यामुळे मोजणीचं एकक बंदिश असायला हवं, स्वर नव्हे. एकाच घरातल्या माणसाला शंभरदा विचारून शंभर घरांचा सर्व्हे होत नाही, तसंच हे.

दुसरी गडबड अंतऱ्यामुळे होते. अंतरा साधारणपणे पंचमाच्या आसपासून उठतो आणि धैवतावरून तार षड्जाकडे जातो. म्हणजे ज्या संग्रहात अंतरे लांब, तिथं धैवत आपोआप वाढणार. त्यात वादीचा काहीच हात नसेल. म्हणून स्थायीची तुलना स्थायीशी आणि अंतऱ्याची अंतऱ्याशीच करायला हवी.

मोजणी बरोबर आणि कारण चुकीचं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण पाश्चात्त्य संगीतात आहे. सुरावटीनं मोठी उडी मारली की ती पुढं उलट दिशेनं वळते, असं तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं जात असे. पॉल फॉन हिपल आणि डेव्हिड ह्यूरन यांनी 2000 साली दाखवलं, की मोठी उडी बहुतेक वेळा सुरावटीला तिच्या पट्ट्याच्या टोकाकडे नेते आणि टोकावरून मधे परतण्याखेरीज फारशी वाट उरत नाही. उडी पट्ट्याच्या मध्यावर येऊन थांबली, तर ही वळण्याची ओढ दिसत नाही. म्हणजे नियम दिसत होता, पण त्याचं कारण उडी नव्हती.

तिसरी फसगत अनेक रागांच्या यादीत होते. शंभर रागांवर ही चाचणी लावली आणि 5 टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर वादीचा मोजणीशी काहीही संबंध नसला तरी पाचेक राग निव्वळ योगायोगानं 'पास' होतील. म्हणून 'या पाच रागांत नियम सिद्ध' अशी बातमी दिसली, की एकूण किती राग तपासले हे आधी विचारायला हवं.

परीक्षकानंच पेपर काढला असेल तर?

भातखंड्यांच्या संग्रहाची एक मर्यादा मात्र कुठल्याही सूत्रानं दूर होत नाही. बंदिशी निवडल्या त्यांनी, स्वरलिपीत लिहिल्या त्यांनी आणि रागांचे वादीही सांगितले त्यांनीच. रागाबद्दलच्या त्यांच्या मताशी जुळणारी रचना पुस्तकात येण्याची शक्यता साहजिकच जास्त होती. मग त्याच पुस्तकातून तेच मत तपासणं म्हणजे वर्तुळात फिरणं.

त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या हातानं लिहिलेला साठा. विनायकराव पटवर्धनांचं 'राग विज्ञान' किंवा ओंकारनाथ ठाकुरांची 'संगीतांजली' यांच्या परंपरा आणि लेखनपद्धती वेगळ्या आहेत. तिथंही तोच निकाल आला, तर दाव्याला खरी बळकटी मिळते.

आणखी दूरची साक्ष ध्वनिमुद्रणांची. आयआयटी मुंबईचे कौस्तुव कांती गांगुली आणि प्रीती राव यांनी 2018 मध्ये देसकार-भूपसारख्या जवळच्या रागांच्या जोड्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी छापील बंदिशी नव्हे, तर मैफलींतलं गाणं मोजलं. कोणत्या स्वरावर किती वेळ जातो, याच्या वाटणीवरून अशा जोडीतले राग वेगळे ओळखता येतात, असं त्यात दिसलं. म्हणजे निदान इथं तरी फरक फक्त भातखंड्यांच्या लेखणीतला नाही.

शार्ङ्गदेवाच्या काळापर्यंत मागंही जाता येतं. 'संगीतरत्नाकरा'त रागांची उदाहरणं स्वराक्षरांत लिहिलेली आहेत. रिचर्ड विडेस यांनी 1995 च्या पुस्तकात अशा तेराव्या शतकापर्यंतच्या स्वरलेखनाचा अभ्यास केला. पण तिथं एका रागाला मोजकीच उदाहरणं मिळतात. एका रागाचं एकच उदाहरण असेल, तर लेबलं पिसायला दुसरं लेबलच उरत नाही. अशा वेळी वर्णन करता येतं, चाचणी घेता येत नाही.

मग निष्कर्ष काय?

भूप-देसकारसारख्या जोडीत वादीची व्याख्या मोजून तपासता येते आणि ध्वनिमुद्रणांची साक्ष तिच्या बाजूनं आहे. पण 'प्रत्येक रागात वादीच सर्वांत जास्त येतो' हे विधान वेगळं आहे. त्यासाठी प्रत्येक रागाच्या पुरेशा रचना, त्याही एकाहून जास्त संग्रहांतल्या, आणि मोजणीआधी जाहीर केलेले नियम लागतील. आणि एखाद्या रागात वादी मोजणीत मागं पडला, तर वादी चुकीचा सांगितला गेला की 'भरपूर' याचा अर्थ निव्वळ मात्रांपुरता घेणं चुकीचं, हे आकडा सांगणार नाही. ते ठरवायला राग गाणारा माणूसच लागेल.