‘मिनिमम’वर टिक केलंय का?

कॉलेजात असताना पगाराची स्लिप नसते, त्यामुळे पहिलं क्रेडिट कार्ड बहुतेकांना एफडीवर मिळतं. इंटर्नशिपचे साठलेले पैसे नाहीतर घरच्यांनी नावावर ठेवलेले पंचवीस-तीस हजार बँकेत ठेवायचे, त्यावर बँक थोडं कमी लिमिट असलेलं कार्ड देते. कार्ड आलं की दोन दिवसांत अ‍ॅप सांगतं, ऑटो-पे सुरू करा, म्हणजे बिलाची तारीख चुकायची नाही. सल्ला अगदी बरोबर आहे. तुम्ही आत जाता, सेव्हिंग अकाउंट निवडता आणि पुढच्या स्क्रीनवर दोन गोल दिसतात. एकापुढे लिहिलेलं असतं Total Amount Due आणि दुसऱ्यापुढे Minimum Amount Due.

इथे बोट थबकतं. अकाउंटला महिनाअखेर किती शिल्लक असेल याची खात्री नसते. उगाच सगळे पैसे एकदम कापले गेले तर मेसचं काय? मग मनात येतं, मिनिमम बरं. कट होईल तो थोडाच, आणि उरलेलं आपण नंतर हाताने भरू. टिक होतं, अ‍ॅप बंद होतं आणि पुढचे कित्येक महिने कुणी तिकडे फिरकत नाही.

या एका टिकमार्कबद्दल आज बोलायचंय. कारण लेट फी वाचवायची म्हणून लावलेला हा बंदोबस्त बऱ्याचदा लेट फीपेक्षा महाग पडतो. आणि गंमत म्हणजे तो महाग पडतोय हे कळतही नाही. फोन येत नाही, दंड दिसत नाही, क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘उशीर’ अशी नोंदही होत नाही. सगळं कसं शांत असतं.

आता हिशेब करूया. समजा, तुम्ही १० जुलैला कार्डावर २४ हजारांचा लॅपटॉप घेतला. तुमचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होतं आणि भरायची शेवटची तारीख २५. म्हणजे ५ ऑगस्टला बिल आलं : टोटल ड्यू २४,००० आणि मिनिमम ड्यू, साधारण पाच टक्के धरले जातात त्या हिशेबाने, १,२०० रुपये. २५ ऑगस्टपर्यंत पूर्ण २४ हजार भरले असते तर व्याज शून्य. दीड महिना बँकेचे पैसे फुकट वापरले, इतकंच.

पण ऑटो-पे मिनिममवर आहे. २५ ऑगस्टला अकाउंटमधून १,२०० गेले, ‘पेमेंट मिळालं, धन्यवाद’ असा मेसेज आला. तुम्हाला वाटतं, आता व्याज लागेल ते उरलेल्या २२,८०० वर, २५ ऑगस्टनंतर. चूक इथेच होते. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज मागे जाऊन, खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण वर्षाचा ४२ टक्के होतो. तर १० जुलै ते २५ ऑगस्ट हे ४६ दिवस, पूर्ण २४ हजारांवर : सुमारे १,२७० रुपये. मग २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर हे ११ दिवस, २२,८०० वर : सुमारे २९० रुपये. झाले १,५६०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २८०. एकूण १,८४०.

आता ५ सप्टेंबरचं बिल उघडा. नवीन काहीही खरेदी केलेली नाही, १,२०० रुपये भरलेत आणि टोटल ड्यू आहे २४,६४० रुपये. पैसे भरून कर्ज वाढलं! असं दर महिन्याला होत राहत नाही. पुढच्या मिनिममच्या रकमेत बँक व्याज आणि जीएसटी धरते, कारण मिनिमम भरूनही कर्ज वाढतच जाईल अशी रक्कम ठरवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पण म्हणूनच पुढचा मिनिमम एकदम दुप्पट-अडीचपट दिसतो आणि त्यातला बराचसा भाग व्याजातच जातो. मूळ रक्कम हलते ती गोगलगाईच्या चालीने.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. मागची बाकी उभी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. सप्टेंबरमध्ये रिचार्ज केला, पिझ्झा मागवला, तर त्याचं व्याज त्याच दिवसापासून सुरू. त्यामुळे एकदा बाकी राहिली की ती फिटेपर्यंत ते कार्ड पाकिटातून बाहेर काढायचं नाही, हे सगळ्यात सोपं.

या तुलनेत लेट फी म्हणजे निदान समोर दिसणारा शत्रू. बिलाच्या रकमेप्रमाणे ती काहीशे रुपयांपासून हजार-तेराशेपर्यंत जाते, वर जीएसटी. तिच्याबाबत २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी थोडा दिलासा दिलाय. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाले तरच बँक लेट फी लावू शकते आणि क्रेडिट माहिती कंपन्यांना थकबाकी कळवू शकते. २५ ला विसरलात आणि २७ ला भरलंत, तर लेट फी नाही. पण ही मुदत दंडापुरती आहे. तीन दिवस जास्तीचे मिळाले असं समजून कुणी मुद्दाम २८ तारखेची वाट बघत असेल, तर तो बिनव्याजी मुदत पणाला लावतोय.

मग ऑटो-पे लावायचा कसा? कार्ड आणि सेव्हिंग अकाउंट एकाच बँकेचं असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. अ‍ॅपमध्ये कार्डाच्या विभागात जा, ऑटो-पे उघडा, अकाउंट निवडा, ‘टोटल’वर टिक करा, ओटीपी टाका. आधीच कधीतरी लावून ठेवला असेल तर तोच स्क्रीन उघडून कुठला गोल भरलेला आहे ते आजच बघा. आमच्या ओळखीत दोघांना आपण काय निवडलं होतं ते आठवतच नव्हतं.

अकाउंट दुसऱ्या बँकेत असेल तर ‘नॅच मॅन्डेट’ द्यावा लागतो, म्हणजे तुमच्या बँकेने या कार्डाच्या बँकेला दर महिन्याला पैसे द्यावेत अशी परवानगी. ती नेटबँकिंग किंवा डेबिट कार्डाने ऑनलाइन देता येते, नाहीतर फॉर्म भरून सही करावी लागते. सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नाही की फॉर्म परत येतो. अकरावीत अकाउंट उघडताना केलेली सही आणि आताची सही यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे सांगायला नको. मॅन्डेटमध्ये कमाल रक्कमही लिहायची असते. ती कार्डाच्या लिमिटपेक्षा कमी ठेवू नका. पाच हजार लिहिले आणि बिल सात हजारांचं आलं, तर पाच हजार कापून दोन बाकी ठेवले जातील असं नाही, पैसे कापलेच जाणार नाहीत.

दोन्ही प्रकारांत एक फट राहते, आणि बरेच जण तिथेच अडकतात. ऑटो-पे लावल्या दिवशी सुरू होत नाही. मॅन्डेट नोंदवायला काही दिवस, कधी आठवडे जातात. हातात असलेलं बिल बहुधा त्यात येत नाही. ‘सुरू झाला’ असा मेसेज येईपर्यंत बिल हातानेच भरायचं. पुढचं बिल आलं की ते शेवटच्या तारखेला अकाउंटमधून आपोआप कापलं जाईल असं त्यावर किंवा अ‍ॅपमध्ये लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो लागलेला नाही, असंच समजा.

टोटलवर टिक करायची भीती असते ती शिल्लक कमी पडण्याची, आणि ती भीती खोटी नाही. अकाउंटला पैसे नसतील तर डेबिट बाऊन्स होतं. मग तुमची बँक दंड लावते, कार्डाची बँक वेगळा लावते. पण यावर मिनिममपेक्षा चांगले उपाय आहेत. घरून पैसे महिन्याच्या ५ तारखेला येत असतील आणि बिल भरायची तारीख २५ असेल, तर वीस दिवसांत ते पैसे संपलेले असणारच. कार्डाचं बिलिंग सायकल बदलून मागायचा हक्क नियमानुसार निदान एकदा तरी तुम्हाला आहे. शेवटची तारीख १० च्या आसपास येईल अशी तारीख मागून घ्या. पैसे आदल्या रात्रीच अकाउंटला हवेत, कारण डेबिट बऱ्याचदा पहाटेच येतं. सकाळी कॉलेजला जाता जाता टाकू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

आणि बिलच दर महिन्याला झेपेनासं होत असेल तर बँकेला सांगून कार्डाचं लिमिट कमी करून घ्या. मैत्रिणीचं लिमिट पन्नास हजार आणि आपलं आठ, यात कमीपणा कसला? महिन्याला आठ हजार येत असतील तर आठच हजारांचं कार्ड ऑटो-पेला न घाबरता वापरता येतं.

लॅपटॉपसारखी मोठी वस्तू घेऊन बसलात आणि यावेळी पूर्ण भरणं खरंच शक्य नाही, तर शेवटच्या तारखेच्या आधी ती खरेदी ईएमआयमध्ये बदलता येते का ते विचारा. त्यावर व्याज आणि प्रोसेसिंग फी लागते, पण दर ४२ टक्क्यांच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. तेही जमत नसेल तर मिनिममवर थांबू नका, जमतील तेवढे जास्त भरा. दहा हजार जास्त भरले तर त्या दिवसापासून त्या दहा हजारांचं व्याज थांबतं. एफडीवरच्या कार्डाची बाकी फार थकली तर बँक ती एफडी मोडून वसूल करते, हेही लक्षात असू द्या.

बँकांनाही एक विचारायला हवं. मिनिममच भरत राहिलात तर फेड लांबेल आणि व्याज चढत जाईल, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बिलावर ठळकपणे छापावा लागतो. पण ऑटो-पे लावणारा मुलगा बिल उघडतो कुठे? तो इशारा त्या दोन गोलांच्या शेजारी, टिक करायच्या क्षणी दिसला पाहिजे, आणि आधीपासून काही निवडलेलं ठेवायचंच असेल तर ते टोटल हवं.

आज ज्यांच्या अ‍ॅपमध्ये मिनिमम निघेल त्यांनी ते बदलल्यावर एक बिल मात्र विसरू नका. वरच्या उदाहरणात ५ सप्टेंबरचे २४,६४० रुपये २५ तारखेला पूर्ण भरले, तरी ५ ते २५ सप्टेंबरचं व्याज ऑक्टोबरच्या बिलात येतं, जीएसटी धरून सहाशेहून थोडं जास्त. ती बँकेची चूक नाही, जुन्या बाकीचं शेपूट आहे. तेही भरा आणि पुढच्या बिलात व्याजाच्या ओळीसमोर शून्य आलंय का ते बघा.