सही करता येते तोवर सांभाळाच्या पैशाची सोय करा

साठी ओलांडलेल्या प्रत्येक जोडप्याला आणि त्यांच्या मुलांना ही कळकळीची विनंती आहे. मेडिक्लेम आहे, पेन्शन आहे, फ्लॅट स्वतःचा आहे, म्हणून म्हातारपणाची सोय झाली असे समजू नका. ऑपरेशनचे पैसे विमा देईल. पण ऑपरेशननंतर घरी आलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणाऱ्या, भरवणाऱ्या, डायपर बदलणाऱ्या बाईचा पगार कोणतीही नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी देत नाही. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळू लागले आहे, तेही रुग्णालयातल्या उपचारांसाठीच. सांभाळाचा खर्च तुमच्या साठवलेल्या पैशांतूनच होणार, आणि तो महिना-दोन महिन्यांचा नसतो, वर्षानुवर्षे चालतो.

मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघांतून याच विषयावर बोलतो. बहुतेक घरांत पैसा अगदीच नाही असे नसते. आकडा कुणी मांडलेला नसतो, आणि गरज पडते तेव्हा पैसा हाताशी येत नाही. म्हणून आधी आकडा मांडू.

पुण्यातले एक घर घ्या. आजोबा ७८ वर्षांचे, आजी ७३ च्या. आजोबांची सरकारी पेन्शन ३२,००० रुपये, ती घरखर्चात जाते. शिल्लक म्हणाल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, मुदत ठेवीत १५ लाख आणि राहता फ्लॅट. आजोबांना पक्षाघाताचा झटका येतो आणि एक बाजू लुळी पडते. ब्युरोची चोवीस तासांची बाई दिवसाला हजार रुपये धरली तर महिन्याला ३०,००० होतात. तिचे जेवणखाण ३,५०० रुपये. दिवसाला चार डायपर, एक ४० रुपयांचा, म्हणजे ४,८००. फिजिओथेरपिस्ट महिन्यातून १२ वेळा आला तर ६,०००. वरखाली होणारा पलंग आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, दोन्हींचे भाडे ३,५००. औषधे, ड्रेसिंग आणि घरी येणारे डॉक्टर मिळून ५,०००. बेरीज ५२,८०० रुपये. भाव गल्लीगणिक बदलतात, तुमच्या भागातले घालून पाहा; बेरजेचा अंदाज फार चुकणार नाही.

आता खरी मेख. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. रात्री ती झोपते आणि तिने झोपलेच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती उभी राहू शकणार नाही. रुग्ण रात्री शांत झोपत असेल तर निभते. पण स्मृतिभ्रंश सुरू झाला आणि माणूस रात्री दोनला उठून दार उघडू लागला, कॅथेटर ओढू लागला, की एका बाईने भागत नाही. मग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लावाव्या लागतात. पाळीला ८०० रुपये धरले तरी नुसत्या बायकांचे महिन्याला ४८,००० होतात आणि एकूण खर्च सत्तर हजारांच्या घरात जातो. हा बदल हळूहळू होत नाही, एखाद्या आठवड्यात होतो. हिशेब करणारे नेमके इथेच चुकतात: पहिल्या महिन्याचा खर्च बाराने गुणतात आणि निश्चिंत होतात.

आपल्या आजोबांची पहिली दोन वर्षे एका बाईवर निभली, पुढची तीन दोन पाळ्यांवर गेली असे समजू. भाव वर्षाला ७ टक्क्यांनी वाढतात असे धरले, तर पाच वर्षांत सांभाळावर ४३-४४ लाख जातात. पंचेचाळीस लाखांचे व्याजही यात ओतले आणि कर शून्य धरला, तरी पाच वर्षांच्या शेवटी १५ लाखांच्या आसपास उरतात.

हे पंधरा लाख आजींचे. त्या तेव्हा ७८ वर्षांच्या आहेत. आजोबा गेल्यावर त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता. आजोबांच्या हाती येत होते त्याच्या साधारण साठ टक्के. आजोबांना सांभाळायला निदान आजी तरी होत्या. आजींचा सांभाळ पूर्ण पगारी असणार, आणि त्यासाठी, एका बाईवर निभले तरी, जेमतेम पावणेदोन वर्षे पुरतील एवढेच पैसे राहिलेले असणार. घरोघरी मी हेच पाहतो: पहिल्या आजारपणात सगळी पुंजी जाते, तीही प्रेमापोटी, कुणाच्याही नकळत. म्हणून दोघांचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. पत्नीच्या नावाने स्वतंत्र खाते उघडा. बचत योजनेत प्रत्येकाला स्वतंत्रपणे ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. नवऱ्याने दिलेल्या पैशांचे व्याज करापुरते त्याच्याच उत्पन्नात धरले जाईल, जाऊ दे. त्या रकमेला नवऱ्याच्या आजारपणात हात लावायचा नाही, हे मुलांसमोर बोलून ठेवा. रक्कम किती? आजच्या भावाने एका माणसाच्या पाच वर्षांच्या सांभाळाला ३० ते ४० लाख लागतात. तेवढे नसतील तर जे आहेत त्याचे तरी दोन भाग करा.

‘फ्लॅट आहे ना, वेळ पडली तर विकू’ असे बहुतेक जण म्हणतात. इथे सहीचा प्रश्न येतो, आणि तो पैशांपेक्षा कठीण आहे.

एका दुपारी एक मुलगी वडिलांना व्हीलचेअरवर घेऊन शाखेत आली होती. मुदत ठेव एकट्या वडिलांच्या नावावर. तिने पावती पुढे ठेवली, वडिलांच्या हातात पेन दिले. मी त्यांना विचारले, काका, हे कशाचे पैसे आहेत? ते माझ्याकडे बघून हसले आणि पेनाचे टोपण काढत-लावत राहिले. मुलगी खरे बोलत होती, पैसे त्यांच्याच औषधाला हवे होते, आणि तरीही मला ती ठेव मोडता येत नव्हती.

नियम नीट समजून घ्या. हात थरथरतो, सही जमत नाही, पण माणसाला समजते आहे, अशा वेळी बँकेला मार्ग काढता येतो: दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येतो, त्यांतला एक बँकेचा अधिकारी असतो. पण समजच गेली असेल तर अंगठा चालत नाही. मुलाच्या नावाने केलेले मुखत्यारपत्रही चालत नाही, कारण देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते आपोआप संपते. नेमके जेव्हा हवे असते तेव्हाच. मग उरतो तो उच्च न्यायालयात अर्ज करून पालक नेमून घेण्याचा रस्ता. वकील, वैद्यकीय तपासणी, तारखा यात महिने जातात आणि ब्युरोची बाई दर महिन्याला पगार मागते. फ्लॅट दोघांच्या नावे असेल आणि एकाची समज गेली असेल, तर दुसऱ्याला एकट्याने तो विकता येत नाही. घर न सोडता त्यावर बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची रिव्हर्स मॉर्गेज योजना २००७ पासून आहे, पण तिथेही दोघांच्या सह्या लागतात. परदेशातला मुलगा पैसे पाठवू शकतो, आईची सही पाठवू शकत नाही.

म्हणून या महिन्यातच बँकेत जा. प्रत्येक खाते आणि ठेव ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने करून घ्या. पण तेवढ्याने थांबू नका. अशी ठेवही मुदतीआधी मोडायची असेल तर दोघे हयात असताना बँक दोघांच्या सह्या मागते. एकाच्या सहीने मुदतपूर्व पैसे द्यावेत असे संमतिपत्र आजच लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. मोठी एकच ठेव ठेवण्याऐवजी दोन-दोन लाखांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत मुदत संपणाऱ्या ठेवी करा. मुदत संपल्यावर एकाच्या सहीने पैसे हाती येतात. आणि दोघांची पुंजी प्रामुख्याने फ्लॅटमध्येच असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की दोघेही धडधाकट असताना तो विकून लहान घरात जा आणि फरकाची रक्कम सांभाळासाठी बाजूला काढा. जड वाटेल. ऐंशीव्या वर्षी ते जमणार नाही.

मुलांच्या नावाने घराचे बक्षीसपत्र मात्र करू नका, मृत्युपत्र करा. बक्षीसपत्राने घर आजच जाते. केलेच तर त्यात सांभाळण्याची अट स्पष्ट शब्दांत लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागायची वेळ आली तर ती लेखी अट हाच तुमचा मोठा आधार असेल.

ज्यांचा बेत वृद्धाश्रमाचा किंवा ज्येष्ठांच्या निवासाचा आहे, त्यांनी माहितीपत्रकातली बाग पाहून पैसे भरू नयेत. अनेक ठिकाणी प्रवेशाची अटच असते की स्वतःची कामे स्वतः करता आली पाहिजेत; अंथरुणाला खिळलात की घरच्यांना बोलावले जाते. ज्येष्ठांच्या संकुलात फ्लॅट घेतला तरी घेतलेले असते ते घर, सांभाळाचे पैसे महिन्याला वेगळे. करारनाम्याचा मसुदा आधी घरी आणा आणि त्यात चार गोष्टी शोधा: माणूस पूर्ण परावलंबी झाल्यावर तिथेच ठेवणार का आणि किती दराने, दरवर्षी वाढ किती, रुग्णालयात दाखल असताना शुल्क चालू राहते का, आणि अनामत रक्कम किती कापून किती दिवसांत परत मिळते. उत्तर तोंडी मिळाले तर कागदावर मागा. लिहून देत नसतील तर तिथे पैसे भरू नका.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती आहे. पुढच्या सभेत पाहुण्यांचे भाषण ठेवण्याऐवजी आपल्या भागातल्या ब्युरोंचे, पलंग भाड्याने देणाऱ्यांचे आणि निवासांचे चालू दर गोळा करून एका कागदावर छापा. बदली बाई किती तासांत मिळते, हेही त्यावर लिहा. आणि जवळच्या शाखेच्या व्यवस्थापकांना एका सकाळी संघाच्या खोलीत बोलवा. खात्यांची पद्धत बदलण्याचे अर्ज आणि मुदतपूर्व संमतिपत्रे तिथेच भरून घ्या. ज्यांना जिने उतरवत नाहीत, त्यांच्या घरी सत्तरीनंतर बँकेने यावे अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे; त्यांची नावे आधीच काढून ठेवा आणि पहिली पाळी त्यांची लावा.