डिझेल गाडीचा तो पिवळा दिवा आणि आपला चारोटी-कासा फेरा

मंडळी, आपल्याकडे डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर ठिपके असलेल्या डब्यासारखा पिवळा दिवा लागला, की लोक दोनच गोष्टी करतात. एक तर दुर्लक्ष, नाहीतर "फिल्टरच काढून टाक" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे धाव. माझ्या मते दोन्ही चूक.

माझ्याच गाडीचं सांगतो. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं, त्यानंतरची ही गाडी. सकाळी मुलांना कासाला सोडायचं, परत चारोटी, दुपारी पुन्हा तेच. एका वेळी जेमतेम चार-पाच किलोमीटर. इंजिन धड तापत नाही तोवर बंद. सायलेन्सरच्या वाटेवर जो डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो धुरातली काजळी अडवून ठेवतो. ती जाळायला साधारण सहाशे अंश उष्णता लागते. त्यासाठी गाडी स्वतःच थोडं जास्त डिझेल फवारते, पण हे काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं हवं. आपण मध्येच चावी फिरवतो. काजळी तशीच राहते, आणि न जळलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलेलं दिसलं, वासही डिझेलचा! ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका, ते पातळ झालेलं असतं. बदलावंच लागलं.

दिवा स्थिर होता, इंजिनचा दिवा बंद होता, टाकीत पुरेसं डिझेल होतं. म्हणून रविवारी पहाटे हायवेला लागलो आणि तलासरीच्या दिशेने निघालो. वेग सत्तरच्या आसपास, पण एक गिअर खाली ठेवून, म्हणजे इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर राहील. पळवायची गरज नाही हो, न थांबणं महत्त्वाचं. तलासरी यायच्या आत दिवा विझला. तरी लगेच बंद न करता तसाच पुढे गेलो. पहाट निवडली कारण कोंडीत अडकलं की सगळंच फुकट. आणि अशा फेरीनंतर गाडी सुक्या गवतावर उभी करू नका, खाली भट्टी असते.

दिवा लुकलुकत असेल, इंजिनचा दिवाही लागला असेल किंवा गाडीचा दम गेला असेल, तर मात्र हायवेला नेऊ नका. थेट वर्कशॉप. तिथे मशीन लावून जाळतात. आणि ऑइलची राख कितीही पळवलं तरी जळत नाही, ती वर्षानुवर्षं साठतेच.

माझा राग विकणाऱ्यांवर आहे. मायलेज सांगतात, पण "रोज किती चालवणार?" हे एकानेही विचारलं नाही. रोज पाच किलोमीटरच जायचं असेल तर पेट्रोल घ्या, एवढं सांगायला काय जातं? तुमच्यापैकी कुणाला विचारलं होतं का?