एकच उत्तर, गुण मात्र दोन

आपल्या मुलाला एका तपासनीसाने ८ आणि दुसऱ्याने ३ गुण दिले, असे कळले तर कुणाही आईवडिलांचा जीव खालीवर होईल. पण असे घडते आणि ते नवेही नाही. १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा तिला कुणी ३० हून कमी तर कुणी ९० हून अधिक गुण दिले होते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या. त्या वेळी निकाल रखडले, काही उत्तरपत्रिका सापडेनात आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण अडचण केवळ यंत्राची नसते.

एक उदाहरण घेऊ. बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एक प्राध्यापिका अंतर्गत परीक्षक आहेत, तर बेळगावचे एक सर बाह्य परीक्षक. प्रश्न १० गुणांचा: ६ मीटर लांबीची, दोन्ही टोकांना टेकवलेली तुळई आहे, तिच्यावर दर मीटरला १० किलोन्यूटन भार आहे; तर मध्यभागी वाकवणारा जोर, म्हणजे नमन आघूर्ण, किती? एकूण भार ६० होतो, प्रत्येक टेकूवर ३० येतो आणि मध्यभागीचे उत्तर ४५ येते. विद्यार्थ्याने १० गुणिले ६ चे ५० लिहिले. त्यामुळे टेकूवर २५ आले आणि पुढचे सगळे सूत्र बरोबर वापरूनही शेवटी ३० आले. आकृती त्याने पुढच्या पानावर पेन्सिलने काढली होती.

बाईंनी टेकूच्या ३ पैकी २, समीकरणाचे २, आघूर्णाचे ३ आणि आकृतीच्या २ पैकी १ असे ८ गुण दिले. सरांनी टेकूचा १ आणि समीकरणाचे २ असे ३ गुण दिले. बाकी उत्तरांना दोघांचे गुण सारखेच होते. एकूण बेरीज ४१ आणि ३६, सरासरी ३८.५, ती वर धरली तरी ३९. उत्तीर्ण होण्यासाठी हवेत ४०.

अशा वेळी तिसरा परीक्षक येईल, असे आपल्याला वाटते. पण समजा इथला नियम असा आहे, की एकूण गुणांत १५ हून अधिक फरक पडला तरच तिसरी तपासणी. इथे फरक अवघा ५. एका उत्तरातली मोठी तफावत बेरजेत अशी लपून जाते.

एकूण गुण दोघांनाही ठाऊक नव्हते. परीक्षा विभागाने फक्त या प्रश्नाचे दोन्ही गुण कळवले आणि बाईंनी ई-मेल लिहिला, परीक्षा नियंत्रकांना प्रत ठेवून:

“आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. सोबतच्या सांकेतिक क्रमांकाच्या उत्तरपत्रिकेत प्रश्न ४ ब ला आपले ३ व माझे ८ गुण आहेत. गुण वाढवावेत अशी माझी विनंती नाही. दोन गोष्टी पाहाव्यात. उत्तर पान १३ वर संपत नाही, आकृती पान १४ वर आहे. पेन्सिल फिकी असल्याने पान मोठे करून पाहावे लागते. दुसरे, गुणाकाराची चूक पहिल्याच ओळीत आहे. तिचा गुण मी एकदाच कापला, आपण पुढेही कापला असावा. आदर्श उत्तरात याबद्दल काहीच लिहिलेले नाही. माझे चुकत असल्यास कृपया कळवावे.”

सरांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. “मॅडम, पान १४ मी उघडलेच नव्हते, चूक माझी. आकृतीचा १ गुण देतो. आघूर्णाचे ३ मात्र देता येणार नाहीत. टेकूवर २५ धरले तर दुसऱ्या टोकाला आघूर्ण शून्य यायला हवे ते उणे ३० येते. मुलाने तो ताळा घेतला असता तर चूक लगेच सापडली असती. २ देतो.”

सरांचे गुण ६ झाले. बाईंनाही ताळ्याचा मुद्दा पटला. त्यांनी आपला १ गुण कमी करून ७ केले. नियंत्रकांच्या परवानगीने दोन्ही नोंदी बदलल्या. नवी बेरीज ४० आणि ३९, सरासरी ३९.५, म्हणजे ४०. मुलगा उत्तीर्ण झाला. “त्याला एक गुण हवा आहे,” असे मात्र कुणीच लिहिले नव्हते.

पुढच्या परीक्षेच्या आदर्श उत्तरात एक ओळ वाढली: आधीच्या पायरीतील चुकीचा गुण एकदाच कापावा, ताळा न घेतल्यास आणखी एक.

पालकांनी यातून एवढेच घ्यावे, की छायाप्रत मागवली तर आधी बेरीज नव्हे, पाने मोजावीत. उत्तर पुढच्या पानावर गेले असेल तिथे गुण पडले आहेत का, ते पाहावे. आणि मुलांनी आकृती गडद काढावी, “पुढे पाहा” असे लिहावे आणि ताळा घ्यावा.