बाळंतीण खरंच सुखरूप आहे का?

बाळ जन्मलं की पहिला निरोप जातो, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत." तो खरा असतो, पण तो त्या दिवसापुरता असतो. नंतर महिनाभर घरात येणारा प्रत्येक माणूस बाळाला विचारतो. दूध पितं का, झोपतं का, वजन किती भरलं. बाळंतिणीला कुणी विचारत नाही. तिच्याबद्दलचा तोच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायला हवा, असं आमचं म्हणणं आहे. का, ते आमच्याच वस्तीतल्या दोन घरांवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही.

पहिली मुलगी बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी रडायला लागली. दूध नीट उतरत नव्हतं म्हणून रडली, आत्या "बाळ बारीक आहे" म्हणाली म्हणून रडली आणि नवरा डबा घेऊन आला तेव्हा आनंदानेही रडली. घाबरलेल्या आईने आशाताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "तिला झोपू द्या, खाऊ घाला, एकटी ठेवू नका." दहाव्या दिवशी ती बाळाला तेल लावताना त्याच्याशी गप्पा मारत होती. याला इंग्रजीत 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना हे होतं. बाळंतपणानंतर शरीरातले संप्रेरक, म्हणजे हार्मोन, झपाट्याने खाली येतात, त्यात वेदना आणि जागरण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी जास्त वाटतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. याला औषध लागत नाही, आधार लागतो.

दुसरी मुलगी तिच्याच गल्लीतली. ती फारशी रडलीच नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून ती गप्प झाली. बाळाची अंघोळ, दूध, लंगोट सगळं वेळेवर करायची, पण पाजताना नजर भिंतीवर असायची. डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले. रात्री बाळ शांत झोपलेलं असताना ही छताकडे बघत जागी. एकदा नणंदेला म्हणाली, "याला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं."

हे प्रसूतीनंतरचं नैराश्य आहे. ब्लूज आणि यातला फरक रडण्यावर ठरत नाही, दिवसांवर ठरतो. उदासी किंवा कशातच मन नसणं दोन आठवडे उलटूनही रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, तर ते ब्लूज राहिलेलं नाही. शिवाय नैराश्य पहिल्या आठवड्यात सुरू होतं असंही नाही. ते पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण कामाला लागते आणि घराचं लक्ष तिच्यावरून उठतं. तिला सांभाळायची खरी गरज कधी कधी तिथूनच सुरू होते.

घरच्यांनी काय बघावं? बाळंतीण थकलेली असणारच, जागरणही होणारच. म्हणून नुसत्या थकव्यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा एक गोष्ट बघा. बाळ झोपलंय, कुणीतरी ते सांभाळायला आहे, तेव्हा तिला झोप लागते का? थकलेल्या बाईला पाठ टेकताच झोप लागते. नैराश्यातल्या बाईला सवड मिळूनही बहुतेक वेळा लागत नाही. दुसरं, एरवी आवडणाऱ्या माणसाच्या येण्याने, आवडत्या पदार्थाने चेहरा फुलतो का? तिसरं, ती सारखी स्वतःलाच दोष देते का? 'मी वाईट आई आहे', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं बोलणं लाडात येऊन केलेलं नसतं. काही जणींत उदासीऐवजी चिडचिड दिसते, किंवा बाळ श्वास घेतंय का हे रात्री दहा वेळा उठून बघणं दिसतं.

त्या दुसऱ्या घरात पहिला आवाज निघाला तो, "आम्ही नाही का पाच पाच पोरं काढली?" दुसरा दबक्या आवाजात, "बाहेरचं काही लागलं असेल." धम्म स्वीकारला तेव्हा आपल्या घरांतून गंडेदोरे गेले, पण बाळंतिणीच्या बाबतीत ही कुजबुज अजून ऐकू येते. कारण शोधायचंच असेल तर घरात शोधावं लागतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 270 मातांचा अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या 23 टक्के माता नैराश्यात होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं यांनी धोका वाढत होता, आणि मुलगी झाली तरीही. मुलगी झाल्यावर पडलेले चेहरे बाळंतिणीला दिसतात. ते आपले चेहरे आहेत.

पुढे त्या घरात काय झालं? नणंदेने ते वाक्य आशाताईंच्या कानावर घातलं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. 28 व्या दिवशी बाळाचं वजन झाल्यावर त्यांनी सासूला चहा टाकायला सांगितला आणि आईला एकटीला विचारलं, "बाळाचं झालं, तुझं सांग. जगू नये असं कधी वाटतं का?" असं विचारल्याने डोक्यात तसले विचार येतात, हा गैरसमज आहे. उलट ओझं उतरतं. ती तासभर रडली.

सरकारी रुग्णालयात आधी तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं, कारण ते बिघडलं तरी असाच गळाठा येतो. मग मानसोपचार विभागात समुपदेशन आणि गोळी सुरू झाली. दूध तोडावं लागलं नाही. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्या आहेत, फक्त आपण पाजतोय हे डॉक्टरांना सांगायचं. नवऱ्याने रात्री दहा ते तीन बाळ स्वतःकडे घेतलं. काढून ठेवलेलं दूध तो वाटी-चमच्याने पाजायचा, म्हणजे तिला सलग पाच तास मिळायचे. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःहून लाडू मागितला. बरं वाटल्यावरही गोळी काही महिने चालू राहिली. ती मनाने बंद करायची नसते.

एका बाबतीत मात्र पंधरा दिवस मोजत बसू नका. बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, झोपेशिवायच तरतरीत फिरू लागली, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचं बोलली, तर ती तातडीची वेळ आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. 108 वर रुग्णवाहिका मिळते. एरवी बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

घरात बाळंतीण असेल तर कॅलेंडरवर बाळंतपणापासूनच्या पंधराव्या दिवसावर खूण करा. लसीच्या तारखेवर आपण करतोच. त्या दिवशी बाळ दुसऱ्याच्या मांडीवर द्या, तिच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला झोप लागते का गं?"