भाडेकरार नोंदवा, पोलिसांच्या 'एनओसी'ला भुलू नका

मिहानमध्ये नोकरी लागली की मोमिनपुरा किंवा जाफरनगर सोडून ऑफिसजवळ खोली शोधणारे तरुण आपल्यात बरेच आहेत. नाव ऐकल्यावर काही घरमालक सरळ नाही म्हणतात. काही जण मात्र म्हणतात, "आधी पोलिसांची एनओसी आणा." हे दुसरे उत्तर नियमासारखे वाटते, म्हणून आपण गप्प परत येतो. त्यामागचा नियम नेमका काय आहे, ते पाहू.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची सक्ती पोलीस आयुक्तांच्या मनाई आदेशाने होते. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. माहिती द्यायची असते घरमालकाने, आणि ती दिली नाही तर गुन्हाही त्याच्यावरच दाखल होतो. म्हणजे ही माहिती आहे, परवानगी नव्हे. आपण फोटो, आधारची प्रत आणि मूळ पत्ता द्यावा, आणि भरलेल्या अर्जाची पोच मागून घ्यावी.

खरे महत्त्वाचे काम करार नोंदवण्याचे आहे. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

खर्चही फार नाही. समजा भाडे दहा हजार, डिपॉझिट तीस हजार, मुदत अकरा महिने. एकूण भाडे १,१०,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज २,७५० रुपये. या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे २८२ रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. एजंटची फी सोडली, तर एका महिन्याच्या भाड्याच्या पाव हिश्शातही हे बसते. ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या काम होते.

फसगत होते ती नोटरीच्या कागदावर. शिक्का आणि सही दिसते, पण ती नोंदणी नसते. खऱ्या नोंदणीकृत करारावर दुय्यम निबंधक कार्यालयाचा दस्त क्रमांक असतो आणि सोबत इंडेक्स-२ मिळते. हा फरक पुढे टोचतो. पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा किंवा मुलाचा आरटीई प्रवेश, दोन्हीकडे नोंदणीकृत भाडेकरारच मागतात.

नाव ऐकून दार बंद करणाऱ्याला हा कागद बदलणार नाही. पण जो 'एनओसी'ची अट घालतो, त्याला शांतपणे सांगता येते: माहिती देण्याचे काम तुमचे, कागदपत्रे मी देतो, आणि करार नोंदवल्यावरच डिपॉझिट.