मौनाची मोजणी

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्याकडे एवढ्या सहजपणे उच्चारले जाते, की ते कोणाच्या सोयीचे आहे याचा विचार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. आमच्या मते ते विचारणाऱ्याच्या सोयीचे आहे. ज्याला उत्तर नको असते, तोच मौनाला उत्तर समजतो. दुर्गदबैलच्या बाजारात एखादे गिऱ्हाईक भाव ऐकून गप्प उभे राहिले, म्हणून कोणताही दुकानदार त्याच्या पिशवीत माल भरून पैसे मागत नाही. बाजाराला जे कळते ते आमच्या सुशिक्षित कार्यकारिणींना कळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रसंग आमच्याच एका मंडळातला आहे. मंडळाचे नाव येथे अप्रस्तुत आहे, कारण असे प्रसंग सर्वत्र घडतात. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचे सभागृह एका शिकवणी वर्गाला अकरा महिन्यांसाठी भाड्याने द्यावे, असा प्रस्ताव होता. एका शुक्रवारी रात्री पावणेअकरा वाजता कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप गटावर कार्यवाहांचा निरोप आला : ‘वरील प्रस्तावाबाबत सर्वांनी परवापर्यंत मत कळवावे. उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.’ कार्यकारिणी पंधरा जणांची. कार्यवाहांसह चौघांनी ‘मान्य’ असे लिहिले, एकाने हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि उरलेले दहा जण गप्प राहिले. रविवारी सकाळी अकरा वाजता कार्यवाहांनी वर्गचालकांकडून आगाऊ रक्कम घेतली. आम्ही त्या दहांपैकी एक होतो. रविवारी सायंकाळी सहा वाजता आम्ही आमची हरकत लिहिली, तेव्हा ‘मुदत सकाळीच संपली’ असे उत्तर मिळाले. इतिवृत्तात ठराव ‘सर्वानुमते’ संमत झाला होता.

आम्हाला चौकशीची जुनी खोड आहे. सरकारी नोकरीत केसाळलेल्या फायली उलगडण्यातच आयुष्य गेले. आम्ही उरलेल्या नऊ जणांना एकेक करून भेटलो किंवा दूरध्वनी केला. एकाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि डोळ्यांवर पट्टी होती. एकाने गटाचा आवाज बंद करून ठेवला होता. एक पुण्याला लेकीकडे गेले होते आणि त्यांनी निरोप सोमवारी वाचला. तिघांनी निरोप वाचला होता, पण एवढा मोठा विषय मासिक सभेत येईलच असे त्यांनी धरले होते. एकाचा विरोध होता, परंतु कार्यवाहांशी चाळीस वर्षांचा स्नेह, म्हणून सर्वांदेखत लिहिण्याचा संकोच वाटला. केवळ दोघांचा खरोखर होकार होता. हात जोडणाऱ्या सद्गृहस्थांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “नमस्कार म्हणजे निरोप पोहोचला, एवढेच. मत कुठे दिले मी?” म्हणजे खरे होकार सहा. पंधरांचे बहुमत आठांनी होते. ‘सर्वानुमते’ झालेल्या त्या ठरावाला साधे बहुमतही नव्हते!

येथे पहिला मुद्दा स्पष्ट होतो. मौन हे एक मत नसून अनेक निरनिराळ्या अवस्थांचे एकच बाह्य रूप आहे. न पोहोचणे, न वाचणे, वाट पाहणे, संकोचणे आणि मान्य असणे, या सर्वांचा आवाज सारखाच, म्हणजे शून्य असतो. पडद्यावरच्या निळ्या खुणांनीही हा गुंता सुटत नाही. निरोप त्या यंत्रावर उघडला गेला, एवढेच त्या सांगतात. तो आजोबांनी उघडला की नातवाने, हे त्या सांगत नाहीत. 

‘विचारणाऱ्याने निरोपातच अट घातली होती, मग तक्रार कसली?’ असा युक्तिवाद आमच्यासमोर झाला. त्याचे उत्तर इंग्लंडमधल्या एका न्यायालयाने १८६२ साली देऊन ठेवले आहे. फेल्टहाउस नावाच्या काकांनी पुतण्याचा घोडा विकत घेण्यासाठी पत्र लिहिले, की तुझ्याकडून काही कळले नाही, तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. मनातून मात्र त्याला सौदा मान्य होता. आपल्या जनावरांचा लिलाव पुकारणाऱ्या बिंडले यांना त्याने हा घोडा वगळण्यासही सांगितले होते. बिंडले यांच्या हातून चुकून घोडा विकला गेला. काकांनी दावा लावला आणि ते हरले. पुतण्याने काकांना होकार कळवलाच नव्हता, म्हणून घोडा काकांचा झालाच नव्हता, असे न्यायालयाने ठरवले. मनात होकार असूनही मौन पुरले नाही, हे ध्यानात घ्यावे. विचारणाऱ्याने स्वतःच्या पत्रात घातलेली अट दुसऱ्यावर उत्तर देण्याचे ओझे लादू शकत नाही. दहा वर्षांनी, १८७२ साली आलेल्या आपल्या करार कायद्याच्या कलम ७ मध्येही स्वीकृती व्यक्त झाली पाहिजे हीच अपेक्षा आहे. कार्यकारिणीचा ठराव म्हणजे घोड्याचा सौदा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दुसऱ्याच्या गप्प राहण्यातून आपला फायदा काढण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

मग मौनाला संमती कधीच मानू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९८ मध्ये मौनाला संमतीचा मान दिलेला आहे. विधानसभेने संमत केलेले धनविधेयक विधानपरिषदेकडे गेले आणि चौदा दिवसांत परत आले नाही, तर ती मुदत संपताच ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत विधानपरिषद आहे, तेव्हा ही तरतूद आपल्या अगदी दारातली आहे. परंतु हा नियम विधानसभेने विधेयकासोबत चिठ्ठी जोडून केलेला नाही. तो आधीच, दोघांच्याही वर असलेल्या दस्तऐवजात लिहिलेला आहे. मुदत दिवसांत मोजलेली आहे आणि मुदत संपल्यावर काय होईल हेही लिहिलेले आहे. मौनाला अर्थ येतो तो असा, आधी ठरलेल्या नियमातून.

याउलट कंपन्यांचे पाहा. संचालकांची सभा न घेता कागद फिरवून ठराव करण्याची सोय कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७५ मध्ये आहे. तेथे मसुदा व आवश्यक कागद सर्व संचालकांना पाठवावे लागतात, मताधिकार असलेल्यांच्या बहुमताची मान्यता लागते, आणि एक-तृतीयांश संचालकांनी मागणी केली तर विषय सभेपुढेच न्यावा लागतो. सचिवीय मानकानुसार उत्तरासाठी सात दिवसांहून अधिक मुदत देता येत नाही आणि मुदतीत बहुमत आले नाही तर ठराव फेटाळला गेला असे समजतात. म्हणजे व्यापारी जगतात मौन होकाराच्या पारड्यात पडत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था जी काळजी घेतात, ती साहित्यासाठी चालणाऱ्या संस्थांनी का घेऊ नये?

आता मुदतीविषयी. आमच्या प्रकरणातला निम्मा घोटाळा ‘परवापर्यंत’ या एका शब्दाने केला. मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही, पण ते संदर्भाने कळते. कळत नाही ते ‘पर्यंत’. रविवार त्यात धरायचा की नाही? धरायचा तर सकाळपर्यंत की मध्यरात्रीपर्यंत? ‘आठ दिवसांत’ म्हणताना आपल्या मनात सात दिवस असतात आणि ‘पंधरा दिवसांत’ म्हणताना चौदा. ‘लवकरात लवकर’ हा तर मुदतीचा आभास आहे. आम्हीही नोकरीत असताना ‘तात्काळ’ असा शेरा मारून कितीतरी कागद पुढे ढकलले, आणि तात्काळ म्हणजे केव्हा हे कोणीच विचारले नाही, हा अपराध येथे कबूल करतो. १८९७ च्या सामान्य खंड कायद्याने केंद्रीय कायद्यांपुरता हा गोंधळ मिटवला आहे. ‘पासून’ म्हटलेला पहिला दिवस सोडायचा आणि ‘पर्यंत’ म्हटलेला शेवटचा दिवस धरायचा. या हिशेबाने आमची रविवार सायंकाळची हरकत मुदतीतच होती. पण सभासदांनी कायदा उघडून बसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. वार, तारीख आणि वेळ लिहिली की कोणाला काही उघडावे लागत नाही.

पुढच्या सभेत वादावादी झाली. ठराव मागे घेण्यात आला आणि आगाऊ रक्कम परत करावी लागली. मंडळाची शोभा झाली ती वेगळीच. त्याच सभेत, तोंडी चर्चा होऊन, मौनाचा नियम प्रथमच लिहिला गेला. मंजूर अंदाजपत्रकातला दोन हजार रुपयांपर्यंतचा खर्च, कार्यक्रमाच्या वेळेतला बदल, अशा उलट फिरवता येणाऱ्या बाबींपुरतेच मौन संमती मानायचे. भाडेकरार, ठेवी, नेमणुका व नियमावली यांबाबत मौन म्हणजे केवळ अनुपस्थिती. निरोप प्रत्येकाला पोहोचल्याची खात्री कार्यवाहांनी करायची, मुदतीच्या आदल्या दिवशी आठवण द्यायची, आणि एकाचीही हरकत आली तर विषय सभेपुढे ठेवायचा. इतिवृत्तात होकार, हरकत व निरुत्तर यांची नोंद तीन वेगळ्या आकड्यांत करायची. ‘सर्वानुमते’ हा शब्द फक्त पंधरांपैकी पंधरा होकार आले तरच वापरायचा.

त्यानंतरचा एक निरोप असा होता : ‘प्रस्ताव : शनिवार, २० जूनचे व्याख्यान सायंकाळी पाचऐवजी सहा वाजता सुरू करणे. हरकत असल्यास रविवार, १४ जून, रात्री ९ वाजेपर्यंत याच गटावर किंवा कार्यवाहांना दूरध्वनीवर कळवावी. तोवर हरकत न आल्यास सभेत ठरलेल्या नियमानुसार बदल मान्य समजला जाईल. एकही हरकत आल्यास वेळ पाचच राहील.’ निरोप गुरुवारी, ११ तारखेस सकाळी गेला. यात काय ठरते आहे, केव्हापर्यंत बोलायचे, कोठे बोलायचे आणि न बोलल्यास काय होईल, हे सर्व चार ओळींत आले. संकोची माणसासाठी दूरध्वनीचा मार्गही खुला राहिला.

आमचे कार्यवाह म्हणतात, की लोक उत्तरच देत नाहीत, मग कामे कशी व्हावीत? त्यांची अडचण खोटी नाही. वाचून गप्प बसणारे आणि नंतर कट्ट्यावर कुरकुरणारे सभासद आम्हीही पाहिले आहेत, आणि दोन दिवस उत्तर लांबवणारे आम्हीही त्यांतलेच. स्पष्ट मुदतीचा उपयोग तेथेही होतो, कारण रात्री नऊनंतर कुरकुरणाऱ्याला ‘तुम्हाला तारीख दिली होती’ असे सांगता येते. ‘परवापर्यंत’ लिहिणाऱ्याला ते सांगण्याचा अधिकार उरत नाही.